गप्प झालेलं पोर
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहार कसा उभा राहिला, पत्रे कोणी दिले, वाळू कोणी वाहिली, हे आमच्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहे. समितीने आम्हाला विषय दिला ‘आजची मुले’. आम्ही पडलो रिंग खात्यातले कामगार. शाळा झाली ती दहावीपर्यंत, बाकीचे वाचन मिळेल तिथे केले. तेव्हा मुलांच्या साऱ्या प्रश्नांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या घरात घडलेली आहे. घरातल्या कर्त्या माणसाचे काम सुटले की लेकराच्या वागण्यात काय फरक पडतो, आणि तो आपल्या डोळ्यांना का दिसत नाही.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. लहानपणी साताऱ्यास असताना घरात ओढाताण होती. सुभेदार रामजी पेन्शनीत निघालेले, नोकरीसाठी बाहेरगावी. घर आत्या मीराबाईंच्या हाती. साताऱ्याची पोरे मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतात, असे छोट्या भीमरावाच्या कानावर आले. आपणही जावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे त्याने ठरवले. गाडीभाड्याला पैसे नाहीत, म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायची. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर आत निघाला अर्धा आणा! ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच पुढे सांगितलेली आहे. आपण ती ऐकून हसतो आणि पुढे जातो. पण त्या तीन रात्री कोणी पाहिले असते तर काय म्हटले असते? पोरगं चोर निघालं, एवढेच ना? त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे कोणी विचारले असते का?

आता आमच्या घराचे सांगतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. आमचे वडील त्यात होते. त्यांचे काम रिंग खात्यातले. पूर्वी कापड खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. म्हणून आपली बरीच माणसे पिढ्यान् पिढ्या रिंगवर राहिली. पगार कमी, शिल्लक कमी. संप दोन महिने चालेल या हिशेबाने कोणी चार पैसे बाजूला ठेवले असतील, तर आपल्याकडे तेवढेही नव्हते.

दर महिन्याला श्रीवर्धनला मनीऑर्डर यायची. ती थांबली. पावसाच्या तोंडाशी वडील स्वतःच गावी आले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ‘आता संपला, आता दुसरे काम बघू’ असे म्हणण्याचा दिवसही उगवला नाही. वडील ओटीवर बसून असत. मुंबईहून सुट्टीवर आलेला बाप गोष्टी सांगायचा, हा बाप बोलायचाच नाही. एकदा आम्ही पेन्सिल हरवली म्हणून बेदम मार खाल्ला. पेन्सिल काही पैशांची होती. मार पेन्सिलीचा नव्हता, हे समजायला आम्हाला पुढे बरीच वर्षे लागली.

आम्ही आठवीत होतो. शाळेला म्हणून निघायचे आणि किनाऱ्यावर जाऊन बसायचे, असे सुरू केले. खाकी पँट मागून फाटलेली होती, तिला आईने दुसऱ्याच रंगाचे ठिगळ लावलेले. गुरुजींनी घरी निरोप धाडला, पुन्हा मार, पुन्हा किनारा. निदान आमचे वागणे सर्वांना दिसले तरी. बोलणी बसली, पण शाळा सुटली नाही.

धाकटी बहीण मात्र अगदी ‘शहाणी’ झाली. काही मागेना, रडेना. दुसरी भाकरी आईने पुढे केली की म्हणायची, “मला भूक नाय.” जत्रेत बांगड्या नकोत, वही जुनीच पुरेल. सगळी वस्ती तिचे कौतुक करायची. बघा, पोर किती समजूतदार! सातवी झाल्यावर ती म्हणाली, मला शाळेत गोडी नाही, मी सुपारी सोलायला जाते. कोणी अडवले नाही. आम्हीही नाही. वर्गात पहिल्या पाचांत असलेली मुलगी एका दिवसात गोडी हरवून बसते, हे कोणाला खटकलेच नाही. अलीकडे आम्ही तिला विचारले, बाय, तेव्हा खरंच नको होती का शाळा? ती म्हणाली, “दादा, मला वाटायचं मी कमी खाल्लं, कमी मागितलं तर बाबा पुन्हा बोलायला लागतील.”

आता एक दूरची गोष्ट, पण ती गिरणीचीच आहे म्हणून सांगतो. ऑस्ट्रिया देशात मारिएन्थाल नावाचे गाव आहे. सारे गाव एका कापड गिरणीवर जगणारे. ती गिरणी 1930च्या सुमारास बंद पडली. मारी याहोडा आणि तिचे सहकारी गावात गेले, घरोघर पाहिले, आणि 1933 साली त्यावर पुस्तक काढले. त्यांनी शाळेतल्या मुलांना नाताळला काय हवे ते लिहायला सांगितले होते. आजूबाजूच्या गावांतल्या मुलांच्या मागण्यांची किंमत काढली आणि मारिएन्थालच्या मुलांची काढली. मारिएन्थालची भरली साधारण एक-तृतीयांश. आणि तेवढेसुद्धा पुष्कळांनी ‘आईबापांकडे पैसे असते तर’ अशा भाषेत लिहिलेले. म्हणजे मागणे कसे कमी करायचे हे मुलांना कोणी शिकवले नव्हते, घर बघून ती आपोआप शिकली. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे बहिणीची दुसरी भाकरी आली.

हे सगळे जुने झाले म्हणाल, म्हणून आपल्या वस्तीतले सांगतो. घरच्यांना विचारून सांगतो आहे, नाव घेणार नाही. सहावीतला मुलगा. बाप मुंबईत ठेकेदाराकडे साफसफाईच्या कामाला, महिन्याला 14,000 रुपये. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, काम गेले, बाप गावी आला. इथे वाडीत मजुरी करू म्हणाला, तर 3 जूनला निसर्ग वादळ आले. घराची कौले गेली आणि सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेली झाडे उचलायचे काम काही दिवस मिळाले. पुढे झाडच नाही तर मजुरी कसली?

पावसाळ्यात त्या पोराचे रोज सकाळी पोट दुखू लागले. मोबाईलवर शाळा भरायची त्याच वेळेला. डॉक्टरांना काही सापडले नाही. धाकट्या भावाला मारणे, आईला उलट बोलणे सुरू झाले. मित्रांना सांगायचा, बाबा रजेवर आलेत. आणि एक दिवस आईच्या डब्यातले 50 रुपये गेले. बापाने हात उगारला, तेव्हा आमची पत्नी तिथे होती. ती म्हणाली, थांबा, आधी विचारा पैसे कुठे गेले. पोराने त्या पैशांचे बापाच्या मोबाईलला रिचार्ज मारले होते. रात्री बाप आईला म्हणाला होता, फोन बंद पडला तर ठेकेदार कामाला बोलावणार कसा? पोर पांघरुणात जागे होते.

मुलांपासून लपवले म्हणजे त्यांना कळत नाही, हा आपला गैरसमज आहे. त्यांना अर्धे कळते, उरलेले अर्धे ती स्वतः रचतात, आणि ते खऱ्याहून भयंकर असते. या मुलाने रचले होते की आता घर विकणार आणि आपल्याला मामाकडे ठेवणार.

मग आम्ही त्यांच्या घरी बसलो. जेवण झाल्यावर बसलो, हे मुद्दाम सांगतो. आळवी गावी शेतकरी भुकेला आला तेव्हा तथागतांनी आधी त्याला वाढायला लावले, उपदेश मागाहून, ही कथा भंतेजींनी आपल्याला सांगितली आहेच. बापाने वही घेतली आणि पोरासमोर आकडे मांडले. आधी 14,000 यायचे. आता 350 रुपये रोज, महिन्यात बारा दिवस मिळतात, म्हणजे 4,200. रेशनवर माणशी पाच किलो फुकट धान्य मिळते आहे. दुकानदाराचे 3,200 देणे आहे, ते हप्त्याने देऊ. मग तीन गोष्टी सरळ सांगितल्या. घर विकायचे नाही. शाळा सुटणार नाही. सायकल या वर्षी नाही. ‘पुढल्या महिन्यात घेऊ’ असे म्हणू नका, असे आम्ही बापाला आधीच बजावले होते. खोटा वायदा पोर विसरत नाही. शेवटी बाप म्हणाला, “काम गेलं त्यात तुझी चूक नाय, माझीपण नाय. मी चिडलो तर ते पैशाचं असतं, तुझ्यावर नसतं.” हे एक वाक्य बोलायला त्याला फार वेळ लागला.

पोराला काम दिले फक्त कोंबड्यांचे. देणेकऱ्याला निरोप देणे, आईच्या रडण्याला धीर देणे, बाप दारू पितो का यावर नजर ठेवणे, ही कामे पोराची नव्हेत. काही घरांत आई थोरल्या मुलीपाशी सगळे मन मोकळे करते. आईचे ओझे हलके होते, मुलीचे दुप्पट होते. हिशेब कळू द्या, भार देऊ नका.

पोटदुखी तीनेक आठवड्यांत कमी झाली. मारामारी कमी झाली, पण थांबली नाही. गणितात मागे पडला तो बरेच दिवस मागेच राहिला. बोलण्याने पैसा येत नाही, आणि बापाची दारूही सुटत नाही, तिला वेगळा इलाज लागतो. दोन-तीन आठवडे झोप नाही, खाणे तुटले, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले, तर उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. आणि पोर मरणाची भाषा बोलले तर त्याला त्या दिवशी एकटे सोडू नका, तसेच घेऊन जा. 14416 या टेली-मानसच्या नंबरावर मराठीतही बोलता येते. मुलांसाठी 1098 आहे. दोन्ही फुकट आहेत.

समितीला आमची एक विनंती आहे. रविवारच्या वंदनेला मुले येतात, तेव्हा मस्ती करणारा आपल्याला दिसतो. वर्गणी भरता येत नाही म्हणून ज्या घराची माणसे यायची थांबली, त्या घरातले पोर कसे आहे हे त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या कोणीतरी जाऊन पाहावे. आणि ते फार शहाण्यासारखे वागत असेल, काहीच मागत नसेल, तर त्याला दुसरी भाकरी वाढून थोडा वेळ तिथेच बसावे. यंदा त्या घरांची वर्गणी आम्ही भरतो, पावती त्यांच्या नावाने फाडा.

जयभीम.