पडद्याखालचे टाचण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. तास सुरू होण्यापूर्वी ते सदऱ्याच्या खिशातून एक पोस्टकार्डाएवढा कागद काढून मेजावर ठेवीत, त्याकडे एकवार पाहत आणि मग तासभर बोलत. एकदा तो कागद मेजावर राहून गेला, तेव्हा आम्ही पोरांनी तो चोरून पाहिला. त्यावर सात-आठ सुटे शब्द होते आणि एका शब्दापुढे ‘येथे थांबणे’ असे लिहिलेले होते. तासभराचे व्याख्यान एवढ्याशा कागदात कसे मावते, हे मला तेव्हा कळले नाही. ते अलीकडे, वयाची सत्तरी उलटल्यावर, एका मुलीने मला शिकविले. आजचा माझा विषय तेवढाच आहे.

माझ्या बहिणीची नात निपाणीस राहते आणि महाविद्यालयात पहिल्या वर्षास शिकते. शाळेत असताना एकदा पडद्यापुढे बोलता बोलता तिसऱ्या स्लाइडवर तिची वाचाच बसली होती. वर्गाकडे पाठ करून ती पडद्यावरील ओळी वाचू लागली, आणि त्याही पुऱ्या न करता जागेवर येऊन बसली. ह्या वर्षी चार विद्यार्थ्यांच्या गटाने ‘निपाणीचा तंबाखू’ ह्या विषयावर आठ स्लाइड तयार केल्या. प्राध्यापकांनी त्या तपासून कायम केल्या, आणि बोलण्याची चिठ्ठी नेमकी तिच्या नावाची निघाली. वेळ आठ मिनिटांचा. स्लाइडमध्ये अक्षराचाही बदल करावयाचा नाही. ती बेळगावी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आजोबा, खाली लिहायचं असतंय ते तुम्ही लिहून द्या की.”

खाली लिहावयाचे म्हणजे काय, हे जुन्या मंडळींसाठी सांगतो. संगणकावर स्लाइड ज्या आज्ञावलीत करतात, तीत प्रत्येक स्लाइडच्या खाली एक मोकळी पट्टी असते. तीत लिहिलेले वक्त्याला दिसते, श्रोत्यांना दिसत नाही. शिक्षकांना पाठटाचण ठाऊक आहेच. हे वक्त्याचे टाचण होय.

मी जन्मभर मराठीचा अध्यापक. दोन दिवस बसून मी आठही स्लाइडखाली सुरेख परिच्छेद लिहिले. प्रत्येकी दीडशे शब्द भरले. तिने ते हाती घेतले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखविले. मान खाली, स्वर एकसुरी, प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच पट्टीत. घड्याळ लावले होते. बारा मिनिटे लागली. तिचा ओघ मिनिटाला शंभर शब्दांचा, आणि मी बाराशे लिहिलेले. हा हिशेब मी आधी करावयास हवा होता.

तथापि खरा दोष लांबीचा नव्हता. चौथ्या स्लाइडचे उदाहरण घेतो. पडद्यावर विडी करण्याचे टप्पे आहेत: पाने भिजविणे, कातरणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे. शेजारी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचे छायाचित्र आहे. त्याखाली मी लिहिले होते, ‘विडीनिर्मितीचे कार्य प्रामुख्याने महिलावर्गाकडून केले जाते. सर्वप्रथम तेंदूची पाने पाण्यात भिजविली जातात, तदनंतर ती विशिष्ट आकारात कातरली जातात.’ व्याकरणात काही चूक नाही. परंतु निपाणीच्या पेठेत, किंवा बेळगावच्या खडेबाजारात, ‘केले जाते’ असे कोणी तोंडाने म्हणते काय? हे लेखणीचे क्रियापद आहे. जे वाक्य आपल्या तोंडचे नाही, ते आठवत नाही. आठवत नाही म्हणून डोळा कागदावर जातो, आणि एकदा गेला की वाक्य पुरे होईपर्यंत वर येऊ शकत नाही. शिवाय मी पडद्यावरचेच पुन्हा लांबवून लिहिले होते. श्रोत्याने जे डोळ्यांनी वाचले, तेच त्याला कानांनी ऐकविण्याची ही तजवीज होती. पोरगी वाचत होती, कारण मी तिला वाचण्याजोगेच दिले होते.

मग मी ते कागद बाजूला ठेवले, संगणकाचा पडदा मिटला आणि तिला विचारले, “त्या बाईच्या चित्राविषयी तुला काय ठाऊक आहे, ते मला सांग.” ती म्हणाली, “आमची आज्जी वळायची की विड्या. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायची. पान कोरडं असलं की वळताना फाटतं, म्हणून फडकं.” हे तिने मान वर करून, एका दमात सांगितले. स्लाइडवर ‘पाने भिजविणे’ एवढेच होते. का भिजवावयाची, ते नव्हते. ते हिच्या तोंडात होते. मी तिचेच शब्द उतरून घेतले आणि त्यातले जोड देणारे सगळे शब्द गाळले. उरले ते असे:

हात सुपाकडे.
आज्जी. ओलं फडकं. का? फाटतं.
पत्र्याचा साचा.
पूल: हजार विड्यांमागं किती मिळायचं, ते बघू.

ह्या चार ओळींत वाक्य एकच, शेवटचे. बाकी सुटे शब्द वाचून दाखविता येत नाहीत. ‘आज्जी, ओलं फडकं’ एवढे कोणी श्रोत्यांपुढे वाचणार नाही. त्याचे वाक्य करावेच लागते, आणि ते करताना डोळे आपोआप समोर येतात. पहिली ओळ हाताला आहे, बोलण्याला नाही. भ्यालेल्या माणसाच्या हातांना काम दिले की तो चित्राकडे वळतो, आणि त्या दोन-तीन क्षणांत पुढचा शब्द सापडतो.

‘पूल’ ही शेवटची ओळ मात्र पुरी लिहावी. माझ्या निरीक्षणात बोलणारी मुले स्लाइडच्या मधोमध फारशी अडत नाहीत. दोन स्लाइडांच्या सांध्यात अडतात. कळ दाबली जाते, नवे चित्र येते, बोलणारा स्वतःच त्याने चकित होतो, वळून मथळा वाचतो आणि मथळ्यामागून पुढचे सारे वाचतच सुटतो. म्हणून पुढच्या स्लाइडकडे नेणारे वाक्य आधीच्या टाचणात हवे, आणि ते बोलून मगच कळ दाबावी. आपल्या कीर्तनकारांना हे अवगत आहे. पूर्वरंगातून आख्यानाकडे वळताना ते जे वाक्य उच्चारतात, ते सहसा आधी पक्के केलेले असते. मधले निरूपण रोज निराळे होते.

तोंडचे शब्द उतरवावयाचे म्हणजे सर्वच सोडून द्यावयाचे, असे मात्र नाही. पहिल्या स्लाइडची पहिली दोन वाक्ये आम्ही पुरी लिहिली आणि तिच्याकडून पाठ करून घेतली, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात छाती धडधडत असता शब्द जुळविण्याचे काम तिच्यावर टाकणे अन्यायाचे ठरले असते. जेथे चुकणे परवडत नाही, तेथेही पुरे लिहावे. सहाव्या स्लाइडवर १९८१च्या तंबाखू आंदोलनाची हकीकत होती: शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने मार्च-एप्रिलमध्ये निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ही तारीख पाठांतरावर सोडू नये. पडद्यावर ती आहेच. टाचणात ‘बोट तारखेवर’ असे लिहिले की पुरे.

त्या स्लाइडवर मजकूर दाट होता, पाच लांब ओळी. अशी स्लाइड आली की बोलणारा घाबरून ती वाचूच लागतो, आणि श्रोते त्याच्यापेक्षा वेगाने मनात वाचून मोकळे होतात. स्लाइड बदलता येत नव्हती. म्हणून टाचणात लिहिले: ‘गप्प. मनात पाच मोज. मग एकच: आमचे आजोबा त्या रस्त्यावर बसले होते.’ गप्प राहण्याची सूचना लिहून ठेवावी लागते, कारण भीतीत शांतता फार लांब वाटते. गुरुजींच्या कागदावरचे ‘येथे थांबणे’ मला तेव्हा उमगले.

आता एक यांत्रिक फजिती. टाचण संगणकावर दिसते ते `Presenter View` ह्या सोयीने. त्यासाठी संगणकाचा पडदा आणि भिंतीवरचा पडदा निराळे ठेवावे लागतात. विंडोज संगणकावर `Windows+P` दाबून `Extend` निवडावे. रंगीत तालमीच्या दिवशी तेथे `Duplicate` राहिले होते, म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. तिने ती सोय हाताने उघडली आणि ‘ओलं फडकं’ व ‘गप्प. मनात पाच मोज’ हे भिंतीवर सर्वांना वाचावयास मिळाले. मुले हसली. तीही हसली, हे माझ्या दृष्टीने शुभचिन्ह होते. परक्या सभागृहातील यंत्राचा भरवसा धरू नये म्हणून आम्ही तेच शब्द जाड पुठ्ठ्याच्या आठ पत्त्यांवर ठळक अक्षरांत लिहिले, पत्त्यांना क्रमांक घातले आणि कोपऱ्यात दोरा ओवला. साधा मोठा कागद थरथरत्या हातात फडफडतो आणि भीती सर्वांना दिसते. पुठ्ठा फडफडत नाही.

तालमी एकंदर पाच झाल्या. पहिल्या दोहोंत ती पत्त्यांवर नसलेली वाक्ये शोधत होती आणि मधूनच ‘केले जाते’ म्हणत होती. तो शब्द आला की मी टिचकी वाजवीत असे, कारण तो आला म्हणजे तिला माझा जुना परिच्छेद आठवतो आहे, असे मी धरून चाललो होतो. तिसऱ्या तालमीपासून टिचकीची गरज उरली नाही. दोन वेळा सलग तिने एकच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली, तेव्हा टाचण जुळले असे मी मानले. शब्दशः तेच आले असते तर ते पाठांतर ठरले असते, आणि पाठांतरातील एक शब्द निसटला की पुढचे सारे निसटते. शाळेत तिसऱ्या स्लाइडवर तेच झाले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. पहिली दोन वाक्ये ती जरा घाईने बोलली. तिसऱ्या स्लाइडवर शेंडा खुडण्याचे चित्र आले. शेंडा का खुडतात, तर झाडाचा जोर फुलात न जाता पानात उतरावा म्हणून, हे तिने स्वतःच्या अंगठ्याने खुडून दाखविले. ते पत्त्यावर नव्हते. चौथ्या स्लाइडला तिने पत्ता पाहिलाच नाही. सहाव्याला ती गप्प राहिली. मनात पाच मोजावयाचे होते. मी घड्याळात पाहिले, आठ सेकंद झाले आणि सभागृहात कोणी हलले नाही. मग ती आजोबांचे बोलली. एकंदर सात मिनिटे चाळीस सेकंद लागले.

संध्याकाळी तिने पत्ते माझ्याकडे परत दिले. पाचव्या पत्त्यावर मी ‘वेतन’ असे लिहिले होते. तिने ते खोडून पेन्सिलीने ‘मजुरी’ केले होते, आणि मला ते सांगितलेही नव्हते.