धाकटी कुणावर गेली?
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



मी सातवी इयत्तेपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. शास्त्रावर बोलायला उभी राहीन असे मला कधी वाटले नव्हते. पण गेल्या वैशाखात घरी एक प्रसंग घडला आणि त्याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना. चिटणीसबाई म्हणाल्या, "जे तुम्हाला कळलं ते आम्हालाही सांगा." म्हणून सांगते.

आमची धाकटी बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई जाताना पायरीवर म्हणाली, "मुलगी गुणी आहे हो, पण ठेंगणी आहे. पुढं नातवंडंही तशीच व्हायची." झाले, स्थळ मोडले. संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "ही कुणावर गेली गं?" म्हणजे बोट माझ्याकडेच होते, हे तुम्हाला सांगायला नको. आमचे यजमान १६८ सेंटिमीटर, मी १५२, म्हणजे पाच फुटांना किंचित कमी. थोरला मुलगा १७१. थोरली मुलगी १५८. आणि धाकटी १४९. एकच आई, एकच बाप, एकच चूल. आणि दोन बहिणींत नऊ सेंटिमीटरांचा, म्हणजे साडेतीन इंचांचा फरक!

माझा भाचा प्राणिशास्त्र शिकवतो. दिवाळीत तो आला तेव्हा मी त्याला धरून बसवले. तो म्हणाला, "मावशी, उंची ही बऱ्याच अंशी वारशानेच येते. पण वारसा म्हणजे एक दागिना आईकडून लेकीकडे जावा, तसा तो नसतो."

पूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही हे कोडे पडले होते. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने वाटाण्याचे वेल लावून पाहिले. त्यात उंच वेल आणि खुजा वेल असे दोनच प्रकार निघाले, मधला नाहीच. १८६६ साली त्याने ते छापले. वाटाण्याची ती उंची एकाच जनुकावर, म्हणजे बीजातल्या एकाच सूचनेवर ठरत होती. पण माणसे काही उंच आणि खुजी अशी दोनच जातींची नसतात. इंग्लंडात गाल्टन याने ९२८ मोठ्या मुलांची आणि त्यांच्या आईबापांची उंची मांडून १८८६ साली प्रसिद्ध केली. त्यात सगळ्या पायऱ्या होत्या, आणि मधल्या उंचीची माणसे सर्वांत जास्त. शिवाय फार उंच आईबापांची मुले उंच खरी, पण आईबापांहून थोडी मध्याकडे सरकलेली; फार ठेंगण्यांची मुलेही तशीच मध्याकडे सरकलेली. मग मेंडेलचे खरे की गाल्टनचे? वाद बरीच वर्षे चालला. १९१८ साली फिशर या गणितज्ञाने दाखवून दिले की दोघांचेही खरे आहे. जनुके मेंडेलच्याच नियमाने चालतात. फक्त माणसाच्या उंचीला ती एक नसून खूप आहेत, आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर आहे.

हे मला कळेना. तेव्हा भाच्याने चिंचोके मागवले. आपण लहानपणी खेळायला चिंचोके फोडून घेत असू, एक बाजू पांढरी, एक काळपट. पांढरी पडली तर एक गुण, काळी पडली तर शून्य. आधी एकच टाकला. एक नाहीतर शून्य, तिसरे काही नाही. हा मेंडेलचा वाटाणा. मग वीस चिंचोके ओंजळीत घेऊन टाकले आणि पांढरे मोजले. असे चाळीस वेळा केले. बहुतेक वेळा सात ते तेरा यांच्यामध्येच आकडा आला, दहाच्या आसपास सर्वांत जास्त. विसाच्या वीस पांढरे पडणे, दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले, तर दहा लाखांत एखादे वेळी. आपल्या गावात मधल्या उंचीच्या बायका फार आणि साडेपाच फुटांवरच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या का, ते मला त्या पाटावर दिसले.

आता खरे चिंचोके किती? २०२२ साली जगभरच्या संशोधकांनी मिळून चोपन्न लाख माणसांची तपासणी एकत्र करून मांडली. उंचीशी संबंध असलेली बारा हजारांहून अधिक ठिकाणे त्यांना सापडली! २००७ साली पहिले ठळक ठिकाण सापडले होते, त्याची एक प्रत माणसाला सुमारे चार मिलिमीटर उंची देते. सर्वसाधारण ठिकाणांत तेच मोठे म्हणायचे. बाकीची बहुतेक मिलिमीटरच्या आसपासची. आणि का असू नयेत इतकी? उंची म्हणजे पायांची हाडे, मणके, हाडांच्या टोकांशी असलेली कुर्चेची वाढणारी चकती, ती वाढवणारे ग्रंथींचे रस आणि ती चकती कोणत्या वयात बंद होते ते. इतक्या कामांवर ज्याचा ज्याचा हात, त्याचा त्याचा उंचीत थोडा वाटा. एकाच जनुकामुळे फार फरक पडणेही घडते, नाही असे नाही. हातपाय आखूड राहणाऱ्या एका प्रकारच्या खुजेपणात एकच जनुक बिघडलेले असते. पण ते विरळा.

वाटा इतका बारीक, मग वारसा इतका जबर कसा? मला आपल्या भिशीवरून उमगले. प्रत्येकीने पन्नास पन्नास रुपये टाकले. जमलेल्या रकमेत कुणा एकीचे पन्नास शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. म्हणून काय रक्कम आपल्या पैशांची नव्हे? बेरीज सगळी त्यांचीच. तसेच आई आणि बाप प्रत्येक ठिकाणची एकेक प्रत देतात, आणि हजारो मिलिमीटरांची बेरीज लेकरात उतरते. जुळ्यांवरून हे मोजतात. अगदी एकसारखी जुळी असतात त्यांचे सगळे चिंचोके तेच. दुसऱ्या प्रकारची जुळी साध्या भावंडांसारखी. पहिल्यांची उंची जवळजवळ एक, दुसऱ्यांत बरेच अंतर. त्यावरून असा हिशेब निघतो की चांगले खाऊनपिऊन वाढलेल्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ऐंशी टक्के भाग जनुकांमुळे असतो.

आणि आमच्या दोघी बहिणी? आईजवळ प्रत्येक ठिकाणी दोन प्रती असतात, लेकराला त्यातली एकच मिळते, तीही डोळे मिटून उचललेली. बापाचेही तसेच. म्हणून प्रत्येक बाळंतपण म्हणजे नवी ओंजळ. सख्ख्या बहिणींत दोन इंच फरक ही नेहमीची गोष्ट, साडेतीन इंचही काही अघटित नाही. डॉक्टर एक हिशेब करतात तो पाहा. मुलीसाठी आईबापांच्या उंचीची बेरीज करायची, तेरा सेंटिमीटर वजा करायचे, आणि दोनाने भागायचे. आमचे १६८ आणि १५२ मिळून ३२०. तेरा गेले, ३०७. निम्मे साडे एकशे त्रेपन्न. मुलासाठी तेरा मिळवायचे, म्हणजे ते साडे एकशे सहासष्ट होते. पण हा नुसता मध्य आहे. त्याच्या खाली-वर आठ-साडेआठ सेंटिमीटर सोडावे लागतात. म्हणजे आमची लेक १४५ ते १६२ मध्ये कुठेही बसते. थोरलीही बसली, धाकटीही बसली. कुणा एकीवर कुणी गेलेली नाही.

आता त्या पाहुणीबाईंच्या नातवाचा हिशेब. मुलगा १७० चा होता. धाकटीबरोबर नातवाचा मध्य निघतो १६६. तोच थोरलीबरोबर साडे एकशे सत्तर. दोघींत अंतर नऊचे, पण नातवात साडेचारच, पावणेदोन इंच. आणि त्या नातवाचे चिंचोके खाली-वर आठ सेंटिमीटर पडणार ते वेगळेच! इतक्या अनिश्चित पावणेदोन इंचांसाठी त्यांनी गुणी मुलगी सोडली. (त्यांचे नुकसान, असे मी मनात म्हणते, मोठ्याने म्हणत नाही.)

पण ऐंशी टक्क्यांचा एक चुकीचा अर्थ मीही काढला होता, तो सांगायला हवा. मला वाटले, पाच फुटांतले चार फूट जन्माचे आणि एक फूट जेवणाचे. तसे नाही. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा, एका माणसाचा नव्हे. एका पोत्यातले बाजरीचे बी दोन वावरांत पेरा, एकाला पाणी, एक कोरडवाहू. पाण्याच्या वावरात सगळ्या ताटांना सारखे मिळाले, तेव्हा तिथले उंच-ठेंगण बियाण्यामुळे. कोरडवाहूतही तसेच. पण दोन वावरांमधला फरक? तो निव्वळ पाण्याचा. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत वीस सेंटिमीटरांनी उंच झाल्या. शंभर वर्षांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते ताट, आणि आजारपणे.

आपल्याकडचे उदाहरणही आहे. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. शेतात राबणाऱ्या बायका, सरासरी उंची १५२ च्या आसपास, वजन बेचाळीस किलोच्या सुमारास. त्यांत ज्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. म्हणून आईबापांची उंची घालून काढलेल्या मध्यालाही फार चिकटू नये. आईबापच लहानपणी अर्धपोटी वाढले असतील तर हिशेबच कमी येतो, आणि पोर मुळात कुपोषित असूनही "घराण्याप्रमाणे आहे" असे वाटून आपण गप्प बसतो.

आमची धाकटी दीड वर्षाची असताना दोन पावसाळे हगवणीने पिडलेली होती. तिच्या उंचीत किती चिंचोक्यांचे आणि किती त्या पावसाळ्यांचे? भाचा म्हणाला, "एका मुलीपुरते ते कुणालाच सांगता येत नाही, मावशी." लाळ लावून जनुके तपासणाऱ्या पेट्या मिळतात, त्याही सांगू शकत नाहीत. ती बारा हजार ठिकाणे बहुतांशी युरोपी वंशाच्या लोकांत शोधलेली. त्यांच्यातसुद्धा उंचीच्या फरकाचा चाळीस टक्केच भाग त्यांतून उलगडतो, आपल्यात त्याहून पुष्कळ कमी.

आपल्या हातात आहे ते भिंतीवरची रेघ. टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवे धरून, सहा-सहा महिन्यांनी रेघ मारावी आणि तारीख लिहावी. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. चारच्या खाली आले तर घराण्याकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडे न्यावे; गळ्यातल्या ग्रंथीचा दोष, आतड्याचा आजार अशी बरी होणारी कारणे त्यात सापडतात. मुलगी शहाणी झाल्यावर मात्र दोन-अडीच इंचच वाढ उरते आणि मग हाडांच्या चकत्या बंद होतात. त्यानंतर उंची वाढवण्याच्या भुकट्यांवर एक रुपयाही घालू नका. माझे साडेसातशे गेले आहेत.

चिंचोके मी डब्यात आणले आहेत. चहा होईपर्यंत दोन-चार जणींनी टाकून बघा, आणि सासूबाईंनाही आधी टाकू द्या, त्या पहिल्या रांगेतच बसल्या आहेत.