आधी स्वतः, वैरी शेवटी

दिल्लीच्या तिहार तुरुंगात नोव्हेंबर १९९३ मध्ये विपश्यनेचं पहिलं दहा दिवसांचं शिबिर झालं. किरण बेदी तेव्हा दिल्लीच्या तुरुंगांच्या महानिरीक्षक होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका स्वतः आले आणि हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले. त्याच सुमारास तुरुंगाच्या आतच 'धम्म तिहार' हे कायमचं केंद्र सुरू झालं. या शिबिरांत नऊ दिवस श्वास आणि अंगावरच्या संवेदना पाहायच्या असतात, कोणाशी बोलायचं नसतं. दुसऱ्याचं भलं चिंतण्याची साधना, जिला आपण मैत्रीभावना म्हणतो आणि पालीत मेत्ता म्हणतात, ती शिकवली जाते थेट दहाव्या दिवशी. त्यानंतरच मौन सुटतं.

इतक्या उशिरा का? तुरुंगातल्या माणसाचा वैरी काही कल्पनेतला नसतो. कोर्टात उलटलेला मित्र असतो, जमिनीसाठी भांडलेला भाऊ असतो, शेजारच्या पथारीवरचा दांडगट असतो. त्याला पहिल्याच सकाळी 'या माणसाचं भलं चिंत' म्हटलं, तर तो एक तर तोंडदेखलं म्हणेल, नाहीतर उठून जाईल. गोएंकांचं सांगणंच असं, की मनात राग खदखदत असेल तेव्हा मैत्री करू नका. आधी मन निवू द्या.

गोएंकांच्या शिबिरात भर असतो तो सगळ्या प्राणिमात्रांवर. पण एकेक माणूस समोर आणून मैत्री करायची एक जुनी पद्धतही आहे, आणि तिचा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' नावाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या प्रकरणात हा क्रम येतो. मराठी माणसाला या ग्रंथाविषयी जवळीक वाटावी असं एक कारण आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले ते याच ग्रंथाच्या संपादनासाठी. तिथल्या हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाचं काम त्याच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं होतं. ते कोसंबींनी पुढे नेलं. हार्वर्डची आवृत्ती छापून आली १९५० मध्ये. कोसंबी त्याआधी तीन वर्षं सेवाग्रामला वारले होते.

आता तो क्रम पाहू. सुरुवात स्वतःपासून. मग ज्याच्याविषयी आदर आहे असा एखादा गुरुजन, मग अगदी जवळचा माणूस, मग ज्याच्याशी आपलं ना घेणं ना देणं असा कोणी, आणि सगळ्यांत शेवटी वैरी. प्रत्येकासाठी तीच तीन-चार वाक्यं मनात सावकाश म्हणायची. वाक्यं मंत्रासारखी अक्षराला अक्षर जुळवायची नसतात, आपल्या भाषेत करून घेता येतात. उदाहरणार्थ : मी सुखी असो. माझा श्वास मोकळा राहो. माझ्या मनात वैर न राहो. माझा दिवस सुखरूप पार पडो.

स्वतःपासून सुरुवात म्हटलं की आपल्याकडे माणूस संकोचतो. लहानपणापासून 'आधी दुसऱ्याचं बघ' हेच ऐकलेलं असतं. पण बुद्धघोषांचा हेतू लाड करून घेण्याचा नाही. स्वतःला इथे साक्षीदार म्हणून उभं केलं आहे. मला सुख हवं आहे, दुखणं नको आहे, मरण नको आहे, याची खात्री मला कोणी पटवून द्यावी लागत नाही. ही खात्री एकदा जिवंत झाली की समोरच्यालाही हेच हवं असणार, हे नुसतं बोलणं राहत नाही. आणि ते लगेच मर्यादाही सांगतात : शंभर वर्षं नुसती स्वतःवर मैत्री केली तरी चित्ताची खरी एकाग्रता त्यातून यायची नाही. ती पुढच्या माणसाकडे जाण्यासाठीची तयारी आहे.

दुसऱ्या पायरीवर एक खाच आहे. आपण म्हणू, सोपं आहे, मुलाला घेऊ, नवऱ्याला घेऊ. ग्रंथ म्हणतो, अतिशय लाडका माणूस लगेच घेऊ नका. त्याचं जरा बिनसलेलं आठवलं तरी आपण रडवेले होतो. मुलगी नोकरीसाठी गुरगावला एकटी राहते. 'ती सुखी असो' म्हणता म्हणता ती रात्री कॅबने येते का, वेळेवर जेवते का, इथपर्यंत मन पोचतं. वाक्य चालू असतं आणि आत काळजी चालू असते. मैत्रीचा उघड शत्रू द्वेष, पण जवळचा, घरात शिरून बसलेला शत्रू आसक्ती, असं बुद्धघोष म्हणतात ते यासाठीच. ओळखायची खूण अशी : वाक्य म्हणून झाल्यावर मन सैल झालं तर ती मैत्री, फोन करून बघावंसं वाटलं तर ती काळजी. म्हणून आधी एखादे शाळेतले सर घ्यावेत, ज्यांच्याविषयी आदर आहे पण ज्यांच्यामुळे झोप उडत नाही.

मात्र ते सर हयात असावेत. आपल्याला पटकन आठवतात ती गेलेली माणसं, आई, आजोबा. दिवंगत व्यक्तीवर ही साधना करू नये, असं ग्रंथ स्पष्ट सांगतो. एक तरुण भिक्षू आपल्या आचार्यांवर मैत्री करत होता आणि काही केल्या मन लागेना. तो एका वडीलधाऱ्या स्थविरांकडे गेला. ते म्हणाले, ज्याच्यावर तू मैत्री करतोस त्याची आधी चौकशी कर. चौकशी केली तर आचार्य वारलेले होते. त्याने दुसरी हयात व्यक्ती घेतली आणि मन लागलं. गेलेल्यांची आठवण जरूर काढावी, पण तिथे शोक येतो, आणि शोक या साधनेच्या आड येतो.

आता वैरी. एक उदाहरण घेऊ. समजा, नोएडातल्या एका सोसायटीत तुम्ही राहता. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तुमच्या पार्किंगच्या जागेत गाडी लावतात. सांगितलं तर आवाज चढवतात, वर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्याबद्दलच तिरकस लिहितात. तुम्ही स्वतःवर, सरांवर, मुलीवर, गेटवरच्या अनोळखी पहारेकऱ्यावर मैत्री करून या गृहस्थांपर्यंत आलात. 'ते सुखी असोत' म्हणालात आणि दात आवळले गेले. मनातल्या मनात परवाचं भांडण पुन्हा सुरू झालं, या खेपेला तुमची उत्तरं अधिक झणझणीत होती. हीच खूण, की इथे थांबायचं. गायकाचा सूर हलला की तो पुन्हा षड्जावर येतो, तसं मागच्या माणसाकडे परत जायचं, सरांवर मन पुन्हा निवू द्यायचं आणि मग परत खालच्या मजल्यावर यायचं. ग्रंथाचा पहिला उपाय हाच आहे, आणि तो पुन्हा पुन्हा करायचा आहे.

आणखी एक फसवी जागा आहे. 'त्यांना सुबुद्धी होवो' असं म्हणावंसं वाटतं. हे ऐकायला सात्त्विक, पण मराठीत आपण हे वाक्य बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच वापरतो. ते सुधारावेत म्हणजे माझी जागा मोकळी होईल, हा त्यातला मतलब. तसंच 'सुखी असोत, पण आधी गाडी हलवोत.' वाक्यात 'पण' आला की ती मैत्री राहिली नाही, तो सौदा झाला. म्हणून वाक्यं बदलायची नाहीत. जी स्वतःसाठी म्हटली तीच त्यांच्यासाठी. 'त्यांचा श्वास मोकळा राहो' हे वाक्य दिल्लीत मुद्दाम उपयोगी पडतं. नोव्हेंबरच्या धुरात तुम्ही खोकता तसे तेही खोकतात. त्यांच्यावर कितीही राग असला तरी त्यांचा दम कोंडावा असं तुम्हाला वाटत नाही. तेवढ्या एका जागी मन खरं बोलतं. मग बाकीची वाक्यं तिथून सुरू करता येतात.

एवढ्यानेही राग हटला नाही तर बुद्धघोष एकेक उपाय सांगत जातात. त्या माणसाची एखादी बरी बाजू शोधा : बोलणं कडू असेल, पण आईला रोज सकाळी हात धरून फिरवत असेल. नाहीच सापडली तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलं आहे याचा विचार करून कणव येऊ द्या. नाहीतर स्वतःला विचारा, मी नेमका कशावर रागावलो आहे? त्याच्या केसांवर, नखांवर, हाडांवर? आणि यातलं काहीच चाललं नाही तर त्याला काहीतरी द्या. श्रीलंकेतल्या चित्तलपब्बत विहारातली गोष्ट ते देतात. एका भिक्षूला दुसऱ्या एका स्थविराने तीन वेळा राहत्या जागेतून उठवलं होतं. त्या भिक्षूने आईने दिलेलं आपलं मोलाचं भिक्षापात्र त्याच स्थविराला दिलं. कारण देताना हात पुढे करावा लागतो, आणि घेणाऱ्यालाही मान खाली घालावी लागते. दिवाळीत त्या गृहस्थांच्या दारात चिवड्याचा डबा पोचवणं हा त्याच जातीचा उपाय आहे.

मात्र या साधनेची हद्दही ध्यानात ठेवावी. मैत्री म्हणजे तक्रार मागे घेणं नव्हे. पार्किंगचा अर्ज सोसायटीकडे जरूर द्यावा. तिहारमध्ये साधना करणाऱ्यांचे खटलेही चालूच राहिले. ज्याने मारहाण केली, छळ केला, त्याला इतक्यात समोर आणू नये, आणि एकट्याने तर मुळीच नाही. शिवाय वैरी असलाच पाहिजे असंही नाही. ज्याला वैरी नाही त्याने तो शोधत बसू नये, एवढी मोकळीक ग्रंथानेच दिली आहे.

तेव्हा ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी रोज दहा-पंधरा मिनिटं शांत बसावं. पहिले काही दिवस फक्त स्वतः. मग हयात असलेला एक आदरणीय माणूस. घरचे त्यानंतर. मग रोज दिसणारा पण नाव माहीत नसलेला कोणी. वैऱ्यांतसुद्धा मोठा वैरी आधी घेऊ नका. ज्याच्यावर थोडासाच राग आहे, असा घ्या. आणि दात आवळले गेले की न लाजता एक पायरी मागे या. मागे येणं हा या साधनेतला दोष नाही, तो तिचा नियमच आहे.