मासे पकडता पकडता टायपिंग

(संगणक शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्यापैकी बऱ्याच जणी वस्तीतल्या केंद्रावर मुलींना संगणक शिकवतात. त्यातल्या कितीतरी मुली टायपिंगच्या परीक्षेला बसतात, कारण सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीचे मिनिटाला 30 किंवा इंग्रजीचे मिनिटाला 40 शब्दांचे प्रमाणपत्र लागते. पुष्कळजणी इंग्रजी 30 पासून सुरुवात करून मग पुढच्या परीक्षेकडे वळतात. परीक्षेची फी घरच्यांनी एकदा कशीबशी भरलेली असते. मुलगी नापास झाली की दुसऱ्यांदा फी मिळेल याची खात्री नसते, आणि तोवर घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. म्हणून पहिल्याच वेळी पास होणे याला आपल्याकडे वेगळा अर्थ आहे.

या मुली टायपिंगचे खेळ खेळतात. आई डोकावून बघते आणि म्हणते, "अभ्यास सांगून खेळत बसलीस होय?" काही शिक्षकही हेच म्हणतात. उलट काही मुली फक्त खेळच खेळतात आणि गुण वाढले म्हणजे तयारी झाली असे धरून चालतात. या दोन्ही समजुती अर्ध्या आहेत. खेळातून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

आपल्या केंद्रांना परवडणारा एक खेळ म्हणजे टक्स टायपिंग. तो फुकट आहे, एकदा संगणकावर घातला की इंटरनेट लागत नाही आणि जुन्या संगणकावरही चालतो. त्यातल्या एका खेळात वरून मासे पडत असतात. प्रत्येक माशावर अक्षर किंवा शब्द असतो, तो टाईप केला की खालचा पेंग्विन मासा खातो. दुसऱ्या खेळात आकाशातून धूमकेतू येतात आणि ते खाली पोचायच्या आत फोडायचे असतात. दोन्हींत तत्त्व एकच, वस्तू खाली पोचायच्या आत बोट योग्य कळीवर गेले पाहिजे.

याने काय साधते? एक तर बोट आणि कळ यांची जोडी पक्की होते. `asdf ;lkj` शंभर वेळा टाईप करताना मुलगी कंटाळते, तिचे मन दुसरीकडे जाते आणि बोटे चुकीचीच सवय घोटत राहतात. खेळात लक्ष पडद्यावर खिळलेले असते. त्याहून मोठा फायदा असा की मासा पडत असताना खाली कळफलकाकडे बघितले तर तो निसटतो. त्यामुळे न बघता टाईप करण्याची सवय सक्तीने लागते. मात्र यासाठी एक अट आहे. बोटे मूळ ओळीवर, म्हणजे दोन्ही तर्जन्या `F` आणि `J` वरच्या उंचवट्यांवर ठेवूनच सुरुवात करायची. दोन बोटांनी टाईप करणारी मुलगी खेळही दोन बोटांनीच जिंकते, आणि मग ती सवय मोडणे फार अवघड जाते. सुरुवातीला हातांवर ओढणी टाकून खेळायला लावा.

आता खेळात काय नसते ते पाहू. पडणाऱ्या शब्दांच्या खेळात चुकीच्या कळीला बहुधा शिक्षाच नसते. चुकली, लगेच बरोबर कळ दाबली, मासा मिळाला. परीक्षेत तीच चूक कागदावर राहते, किंवा खोडायला वेळ खाते. चूक, बॅकस्पेस आणि पुन्हा अक्षर, म्हणजे एका अक्षराला तीन कळा झाल्या, शिवाय लय तुटली ती वेगळीच. दुसरे असे की खेळातले शब्द सुटे असतात. त्यात मोठी अक्षरे, स्वल्पविराम, शब्दांमधली मोकळी जागा आणि नवा परिच्छेद हे बहुतेक नसतेच. तिसरे म्हणजे खेळात शब्द डोळ्यासमोर येतो, तर परीक्षेत उतारा वाचत वाचत टाईप करायचा असतो. डोळे बोटांच्या एक-दोन शब्द पुढे चालले पाहिजेत, आणि हे कौशल्य मासे पकडून येत नाही.

एका मुलीचे उदाहरण आकड्यांसह सांगते. टायपिंगमध्ये एक शब्द म्हणजे पाच कळा असे धरतात, त्यात मोकळी जागाही मोजतात. ही मुलगी खेळात वरच्या पातळीवर पोचली होती. आम्ही तिला छापील इंग्रजी उतारा देऊन पाच मिनिटे टाईप करायला सांगितले. तिने 875 कळा दाबल्या. भागिले 5 म्हणजे 175 शब्द, आणि भागिले 5 मिनिटे म्हणजे मिनिटाला 35 शब्द. ती खूश झाली. मग लाल पेनाने चुका मोजल्या, तर त्या 30 निघाल्या. निव्वळ वेग काढण्याची नेहमीची रीत अशी की राहिलेल्या प्रत्येक चुकीमागे एक शब्द वजा करायचा. 30 चुका 5 मिनिटांत, म्हणजे मिनिटाला 6. तेव्हा 35 वजा 6, निव्वळ वेग 29. परीक्षेला 30 लागतात.

अशा वेळी आपण सहज सांगतो, "अजून वेग वाढव." ते इथे चुकीचे औषध ठरले असते. तिचा वेग पुरेसाच होता, घोटाळा चुकांत होता. म्हणून आम्ही त्या 30 चुका चार गटांत विभागल्या.

13 चुका `e` च्या जागी `i` किंवा `i` च्या जागी `e` अशा होत्या. ही दोन्ही अक्षरे मधल्या बोटानेच टाईप होतात, एक डाव्या हाताच्या, दुसरे उजव्या. मेंदू बोट बरोबर निवडतो पण हात चुकतो. 8 चुकांत अक्षरांची अदलाबदल होती, `the` च्या जागी `hte` अशी. तिथे उजवा हात डाव्याच्या आधी धावतो. हा सरळ घाईचा परिणाम असतो आणि पडणाऱ्या माशांनीच ती घाई लावलेली असते. 5 चुका मोठ्या अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या होत्या, कारण खेळात शिफ्ट दाबायची सवयच झाली नव्हती. उरलेल्या 4 ठिकाणी दोन शब्द जोडले गेले होते.

आता खेळ कामाला आला, पण वेगळ्या पद्धतीने. टक्स टायपिंगमध्ये आपली स्वतःची शब्दयादी घालता येते. पहिल्या गटासाठी आम्ही अशी यादी केली:

```
their
field
piece
receive
office
service
believe
eight
```

या प्रत्येक शब्दात `e` आणि `i` दोन्ही आहेत. खेळाची गती मुद्दाम कमी ठेवली आणि नियम घातला की मासा निसटला तरी चालेल, चुकीची कळ दाबायची नाही. शेजारी बसलेली मैत्रीण चुका मोजायची. म्हणजे खेळाने जी शिक्षा दिली नव्हती ती आम्ही बाहेरून आणली. दहा मिनिटांत तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर दुसऱ्या दिवशी गती तीच, तीन किंवा कमी झाल्या तरच एक पायरी वर.

अदलाबदलीसाठी मात्र खेळ बंदच केला. तिथे एका लयीत, घड्याळाच्या टिकटिकीवर एक कळ, अशी संथ नक्कल करायला दिली. मोठ्या अक्षरांसाठी नावे आणि गावे असलेला उतारा दिला. त्यात एक गोष्ट पाहायला सांगितली, की अक्षर डाव्या हाताचे असेल तर शिफ्ट उजव्या हाताची दाबायची आणि उजव्याचे असेल तर डावी.

केंद्रावर एका मुलीला संगणक जेमतेम अर्धा तास मिळतो. तो आम्ही असा वाटला. पहिली पाच मिनिटे संथ नक्कल, मग दहा मिनिटे स्वतःच्या यादीचा खेळ, मग दहा मिनिटे छापील उतारा, शेवटची पाच मिनिटे चुका मोजणे आणि उद्याची यादी लिहिणे. यादी वहीत लिहायची. घरी संगणक नसला तरी वही घरी नेता येते, आणि शब्द पाहत टेबलावर बोटे चालवता येतात.

तीन आठवड्यांनी पुन्हा पाच मिनिटांची चाचणी घेतली. कळा 800 झाल्या, म्हणजे मिनिटाला 32 शब्द. पहिल्यापेक्षा कमी! पण चुका फक्त 5, म्हणजे मिनिटाला 1. निव्वळ वेग 31. हात हळू करून ती 29 वरून 31 वर आली. हा हिशेब मुलींसमोर फळ्यावर मांडा. "हळू जा" असे दहा वेळा सांगून जे पटत नाही ते या दोन ओळींनी पटते.

फसगत कशी ओळखायची? खेळातले गुण चढत असतील आणि छापील उताऱ्यातल्या चुका तेवढ्याच असतील, तर मुलगी खेळ शिकते आहे, टायपिंग नाही. म्हणून दर चौथ्या दिवशी नवा उतारा देऊन दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. शर्यतीच्या खेळांतही हीच काळजी घ्या. तिथे चूक दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे चांगले आहे, पण शर्यत मिनिटभरात संपते. पहिल्या मिनिटाला 38 शब्द टाईप करणारी मुलगी पाचव्या मिनिटाला 29 वर येऊ शकते. परीक्षेचा उतारा जितकी मिनिटे असतो तितकीच मिनिटे सलग सराव हवा.

मराठीच्या परीक्षेबाबत एक सूचना. मराठीसाठी वेगवेगळे कळफलक आहेत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला येतात. रेमिंग्टनची मांडणी जुन्या टाईपरायटरची, पूर्ण वेगळी. एकावर खेळून दुसऱ्यावर परीक्षा देता येत नाही. परीक्षेत कोणता कळफलक आहे, बॅकस्पेस चालते का आणि चुकांचे गुण कसे कापतात, हे फॉर्म भरतानाच विचारून घ्या. बॅकस्पेस बंद असेल तर सरावातही ती वापरू देऊ नका, नाहीतर चूक झाली की बोट आपोआप तिकडे जाते.

शेवटच्या आठवड्यात खेळ पूर्ण बंद करा. तेव्हा फक्त पूर्ण लांबीचे उतारे, घड्याळ लावून, जमले तर परीक्षेच्याच वेळेला. आणि मधल्या दिवसांत कुणाची आई येऊन म्हणाली, "ही तर खेळतेय," तर तिला शेजारी बसवा, लाल पेन द्या आणि चुका मोजायला सांगा. अक्षर ओळखणारी आई हे काम नीट करते, आणि अर्ध्या तासाने मुलीला घरकामासाठी उठवायचे की नाही याचा विचारही ती मग वेगळा करते.