पहिल्या क्रमांकाचे आभार

(ज्ञाती-मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांची मुले तेथून पदव्या घेतात. त्यांपैकी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यावर पदवीदानाच्या वेळी आभाराचे चार शब्द बोलण्याची पाळी आली, तर ते कसे बोलावेत, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

असे भाषण तीन मिनिटांचे, म्हणजे सुमारे तीनशे शब्दांचे असावे. ते बहुधा नावांच्या यादीने बिघडते. यादी सुरू झाली की जो तो स्वतःच्या नावाची वाट पाहतो, नाव आले की ऐकणे सोडतो; आणि ज्याचे राहिले, तो मात्र खिन्न होऊन घरी जातो. म्हणून प्रत्येक वर्गाचे एकच काम निवडावे आणि ते नीट सांगावे.

समजा, विद्यार्थ्याने ज्वारीवर प्रयोग केला आहे. गुरुजनांविषयी त्याने म्हणावे, “माझ्या प्रबंधाचा पहिला मसुदा सरांनी परत दिला, तेव्हा त्यात माझ्या निळ्या शाईपेक्षा त्यांची तांबडी शाई अधिक होती. आज पदक मिळाले, ते त्या तांबड्या शाईचे.” येथे हसू विद्यार्थ्यावर येते आणि मान गुरूकडे जातो.

शिक्षकेतर सेवकांची पाळी सर्वांत नाजूक. शिपायाच्या बोलण्याची नक्कल केली की सभा हसते. परंतु तो हसत नाही, आणि शेजारी बसलेली त्याची मुलेही हसत नाहीत. त्याऐवजी असे सांगावे : “शेतीपंपाला वीज रात्री येई. अंधारात पाणी देताना प्रक्षेत्रावरील मामांनी माझ्या वाफ्यांची एकही खुंटी हलू दिली नाही. खुंट्या हलल्या असत्या, तर कोणते खत कोणत्या वाफ्याला, हे मला ज्वारीलाच विचारावे लागले असते.” श्रम काय होते आणि त्यावाचून काय बुडाले असते, हे दोन्ही त्यात आले.

विनोदाची परीक्षा सोपी आहे. ज्याच्याविषयी तो आहे, त्याला आदल्या दिवशी एकांतात ऐकवावा. तो मोकळेपणी हसला तर ठेवावा. मान खाली घालून हसला तर निमूटपणे गाळावा.

सहाध्यायांची पाळी शेवटी. “परीक्षेच्या आदल्या रात्री मित्र शंका विचारीत. त्यांना समजावताना तो धडा मला प्रथमच समजे,” एवढे वाक्य पुरे. वसतिगृहातील टोपणनावे व गुपिते तेथेच ठेवावीत. सभेत आईबाप बसलेले असतात.

आपले गुण किती, हे मात्र सांगू नये. ते सूत्रधाराने आधीच सांगितलेले असतात. मागच्या रांगेतील बापाला टक्क्यांचा हिशेब कळेलच असे नाही. परंतु रात्री पाणी देणाऱ्या माणसाची आठवण आपल्या मुलाने ठेवली, हे त्याला पुरते कळते. कारण बहुधा तोही रात्रीच पाणी देऊन आलेला असतो.