गाडीला ब्रेक लावला, वीज किती परत आली?

बोईसरला लोकलमध्ये बसलात आणि पालघर आलं की ब्रेक लागतो, तेव्हा नव्या थ्री-फेज लोकलच्या मोटरी जनरेटर होतात आणि वीज वरच्या २५,००० व्होल्टच्या तारेत परत जाते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. विज्ञान प्रदर्शनात याचं मॉडेल करणारे बरेच जण ब्रेक लावून एलईडी पेटवून दाखवतात. पण एलईडीला इतकी कमी वीज लागते की त्यावरून काहीच कळत नाही. परीक्षक विचारणार, 'किती परत आली?' आज तेच मोजूया.

सामान साधं आहे. खेळण्यातली गाडी, तिची डीसी मोटर, बॅटरी, २.७ व्होल्टचा १ फॅरडचा सुपरकपॅसिटर, एक शॉटकी डायोड, मल्टिमीटर आणि मध्ये 'बंद' असलेला टॉगल स्विच. स्विच एका बाजूला केला की मोटर बॅटरीला जोडली जाते, दुसऱ्या बाजूला केला की डायोडमधून कपॅसिटरला. डायोड हवाच. नाहीतर गाडी हळू झाली की कपॅसिटरच मोटरला पुन्हा पळवायला लागतो. नाण्यासारखा चपटा ५.५ व्होल्टचा सुपरकपॅसिटर घेऊ नका. त्याचा आतला रोध खूप असतो, ब्रेक लागल्यासारखा वाटतच नाही.

आता हिशोब. समजा गाडी १ किलोची आहे, वेग सेकंदाला २ मीटर. गतिज ऊर्जा झाली २ ज्यूल. या वेगाला मोटर ३ व्होल्ट तयार करते असं धरू, डायोड ०.३ व्होल्ट खातो, आणि चाकांचं घर्षण तूर्तास बाजूला ठेवू. कपॅसिटर पूर्ण रिकामा आहे. ब्रेक लावला की गाडीचा वेग कमी होतो, म्हणून मोटरचे व्होल्ट उतरतात. तिकडे कपॅसिटरचे व्होल्ट चढतात. दोघं जिथे भेटतात तिथे करंट थांबतो. ही भेट होते ०.८३ व्होल्टवर. गाडी मात्र अजून सेकंदाला ०.७५ मीटरने चाललेलीच असते! थांबवायला साधा ब्रेक लागतोच.

कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग, त्याचं अर्धं. येते सुमारे ०.३५ ज्यूल, म्हणजे २ पैकी १७ टक्के. बाकी कुठे गेली? ०.२८ ज्यूल गाडीत अजून आहे, ०.२५ डायोडने खाल्ली, आणि १.१२ ज्यूल मोटरच्या तारेत उष्णता झाली. म्हणजे खरा चोर मोटरची वाइंडिंग. रिकामा कपॅसिटर मोटरसाठी जवळजवळ शॉर्ट सर्किटच असतो, त्यामुळे सुरुवातीचा मोठा करंट तार तापवण्यातच जातो.

मग कपॅसिटर आधीच १ व्होल्टपर्यंत भरून ठेवला तर? त्याच गाडीत तो १.५२ व्होल्टपर्यंत जातो. परत आलेली ऊर्जा ०.६६ ज्यूल, म्हणजे ३३ टक्के. जवळपास दुप्पट! पण गाडी सेकंदाला १.२ मीटर वेगावरच सुटते. वीज जास्त, ब्रेक कमी. दोन्ही हवं असेल तर मध्ये व्होल्ट वाढवणारं बूस्ट सर्किट लागतं. लोकलमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, तरी अगदी शेवटच्या थांबण्याला हवेचा ब्रेक लागतोच.

इथे एक चूक हमखास होते. १ ते १.५२ म्हणजे फरक ०.५२, त्याचा वर्ग करायचा, असं लोक करतात. उत्तर येतं ०.१४ ज्यूल, साफ चुकीचं. दोन्ही व्होल्टचे वर्ग आधी करा, मग वजाबाकी.

आता बाजूला ठेवलेलं घर्षण. प्लास्टिकच्या गिअरमध्ये ते बरंच असतं, म्हणून तुमचा आकडा या हिशोबाहून कमीच येईल. तो भाग वेगळा काढायला स्विच मधल्या 'बंद' जागेवर ठेवून गाडी सोडा आणि किती लांब जाते ते मोजा. मग कपॅसिटर जोडून तेवढ्याच वेगाने सोडा. दोन्ही अंतरांत फारसा फरक नसेल, तर ब्रेक गिअरच लावतायत, मोटर नाही. आणि कपॅसिटरचे व्होल्ट अजिबात चढले नाहीत, तर आधी डायोड उलटा तर नाही ना ते बघा.

वेग काढायला मोबाईलचा स्लो-मोशन व्हिडिओ आणि जमिनीवर ठेवलेली मोजपट्टी पुरते. तक्त्यात चार आकडे लिहा: वजन, वेग, आधीचे व्होल्ट, नंतरचे व्होल्ट. मग 'किती परत आली?' याला टक्क्यांत उत्तर देता येईल.

तुमच्या गाडीचे चार आकडे कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!