दुधाची डिग्री आणि दुधाचा ताप

मागच्या बैठकीत गोरेगावकडच्या एका गटातल्या ताईंनी विचारलं, "गाय तीच, चारा तोच, दूध काढणारे हातही तेच. मग थंडीत केंद्रावर डिग्री साडेएकोणतीस लागते आणि मे महिन्यात सत्तावीस कशी?" प्रश्न अगदी नेमका आहे. केंद्रावर बसणारी बाई आणि दूध घालणारी बाई, दोघींनीही तो समजून घ्यायला हवा, कारण यात एकीचे पैसे जातात नाही तर दुसरीचे.

लॅक्टोमीटर म्हणजे काचेची तरंगती नळी. खाली शिशाचं वजन, वर बारीक दांडी आणि दांडीवर आकडे. दूध जितकं दाट, तितकी नळी वर तरंगते आणि आकडा मोठा दिसतो. पाणी घातलं की ती खाली बसते. गाईचं चांगलं दूध साधारण २८ ते ३० दाखवतं, म्हशीचं ३० ते ३२. पण दूध तापलं की पसरतं आणि पातळ होतं, गार झालं की आकसून दाट होतं. नळीला एवढंच कळतं. पातळपणा पाण्यानं आला की उन्हानं, हे तिला सांगता येत नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा दहाच्याही खाली जातो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. म्हणून थर्मामीटर न लावता नुसती डिग्री लिहिणं आपल्याकडे फारच महागात पडतं.

आता हिशोब करू. आधी लॅक्टोमीटरच्या दांडीवर किंवा आतल्या कागदावर कोणतं तापमान लिहिलंय ते बघा. केंद्रावर बहुधा २७ अंश सेल्सिअसचा असतो. जुन्या बनावटीचे काही १५.५ अंशांचे असतात, तर काहींवर ८४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २९ सेल्सिअस लिहिलेलं असतं. त्या तापमानाला दिसणारा आकडाच खरा. दूध त्याहून गरम असेल तर दर अंशाला ०.२ मिळवायचे, गार असेल तर दर अंशाला ०.२ वजा करायचे. असा दुरुस्त केलेला आकडा म्हणजे सीएलआर.

आपला लॅक्टोमीटर २७ अंशांचा आहे असं धरू. मे महिन्यात संध्याकाळी दूध ३३ अंशांवर आहे आणि नळी २७ दाखवते. फरक सहा अंशांचा, सहा गुणिले ०.२ म्हणजे १.२. खरी डिग्री २८.२. जानेवारीत सकाळी दूध २१ अंशांवर आहे आणि नळी २९.५ दाखवते. तिथंही फरक सहाचाच, पण आता वजा. खरी डिग्री २८.३. म्हणजे त्या ताईंच्या गाईचं दूध दोन्ही वेळी जवळजवळ सारखंच होतं.

पैशांत याचा अर्थ काय? एसएनएफ काढायचं एक चालू सूत्र असं: डिग्रीला चारने भागा, त्यात फॅटचा पाव भाग मिळवा, वर ०.४४ मिळवा. फॅट ४ असेल तर खऱ्या २८.२ डिग्रीवर एसएनएफ ८.४९ येतं. दुरुस्ती न करता २७ धरली तर येतं ८.१९. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो, त्यामुळे खाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला कपात लागते. थंडीत उलटं होतं. २९.५ तशीच लिहिली तर एसएनएफ ८.८ दिसतं, जास्तीचे पैसे वाटले जातात आणि पुढे डेअरीवर एकत्र दूध तपासलं की तूट केंद्राच्या माथी येते. सूत्रातला शेवटचा आकडा सगळीकडे एकच नसतो. आपला संघ कोणता धरतो ते विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

मोजताना घाई नको. दूध एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा हलक्या हातानं ओता, म्हणजे साय मिसळेल पण फेस होणार नाही. फेस राहिला तर आकडा वाचताच येत नाही. नमुन्याचं तापमान आधी घ्या. मग सपाट जागी ठेवलेल्या नळकांड्यात काठोकाठ दूध भरा आणि कोरडा, स्वच्छ लॅक्टोमीटर हळूच सोडा. तो कडेला टेकता कामा नये. अर्धा मिनिट स्थिर होऊ द्या आणि डोळे दुधाच्या पातळीला आणून वाचा. उभ्यानं वरून वाचलं की आकडा चुकतो, आणि गर्दीत नेमकं तेच होतं. नळीवर तुपकट थर बसला असेल तरी आकडा बदलतो. नळीचीच शंका आली तर दुसऱ्या केंद्राची नळी आणून एकाच दुधात दोन्ही बुडवून बघा.

आता या दुरुस्तीची मर्यादा. ०.२ हा सोयीचा आकडा आहे. चार-सहा अंशांच्या फरकापर्यंत तो काम देतो, त्यापुढे भरवसा धरू नका. नुकतं काढलेलं दूध याचं ठळक उदाहरण. त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि स्निग्धांश पूर्ण पातळ असतो. तापमान दुरुस्त केलं तरी डिग्री जरा कमीच लागते आणि पुढच्या काही तासांत आपोआप थोडी वाढते. केंद्राशेजारी राहणारी बाई धार काढून पाच मिनिटांत येते, तिच्यावर अन्याय होतो. तिचा नमुना अर्धा-पाऊण तास थांबवून मोजा. उलट, रात्री फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधात स्निग्धांश गोठलेला असतो आणि डिग्री चढते. तो नमुना कोमट पाण्यात ठेवून ४० अंशांपर्यंत न्या, हलवा, २७ च्या आसपास गार करा, मग मोजा.

त्याहून मोठी मर्यादा वेगळी आहे. पाणी घातलं की डिग्री उतरते, पण साय काढली की चढते, कारण स्निग्धांश पाण्याहूनही हलका असतो. चार फॅटच्या, २८ डिग्रीच्या दुधातून निम्मी साय काढली तर डिग्री ३० च्या वर जाते. मग त्यात दहावा हिस्सा पाणी घातलं की पुन्हा २८ च्या आसपास. लॅक्टोमीटर म्हणेल, दूध चोख. फॅट मात्र दोनच्या खाली दिसेल. म्हणून डिग्री आणि फॅट एकत्र वाचायचे. साखर, मीठ, युरिया मिसळला तरीही डिग्री फसवते. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

आणि उलटही खरं आहे. डिग्री कमी लागली म्हणजे पाणीच घातलं, असं नव्हे. उन्हाळ्यात नुसत्या धानाच्या तणशीवर असलेल्या गाईचं, कासदाह झालेल्या गाईचं दूधही खाली उतरतं. एखादीवर शंका आली तर चारचौघीत बोलू नका. दुसऱ्या दिवशी तिच्या गोठ्यावर जा, समोर पूर्ण धार काढू द्या, वेळ देऊन तोच नमुना मोजा आणि केंद्रावरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले, तर दोष गाईच्या चाऱ्यात किंवा कासेत शोधायचा.